वेस्टर्न कुठून सुरू करावेत: सोसायटीच्या हॉलमधल्या नोंदी

२९ जून २०२४, शनिवार

सोसायटीच्या हॉलमध्ये पावसाळाभर वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या घोडेस्वार-बंदूकवाल्यांच्या गोष्टी सांगणारे चित्रपट दाखवायचे असं ठरलं आहे. नाशिकच्या पावसात संध्याकाळी बाहेर पडणं होत नाही, आणि हॉल रिकामाच असतो. येणाऱ्यांत शेजारचे निवृत्त काका-काकू आहेत, माझी मावशी आहे, दहावीतला भाचा आहे आणि वरच्या मजल्यावरची दोन-तीन कुटुंबं आहेत. ‘शोले’ सगळ्यांना पाठ आहे, पण अमेरिकन वेस्टर्न कुणीच सलग बसून पाहिलेला नाही. मला यातले बरेचसे चित्रपट मनापासून आवडतात आणि ते या मंडळींनाही आवडावेत अशी फार इच्छा आहे. म्हणून कोणता लगेच पोचला आणि कोणता अडला, ते इथे लिहून ठेवते. दुसऱ्या कुणाला असा उपक्रम करायचा असेल तर उपयोग होईल.

पहिली यादी कालक्रमाने केली होती: १९०३चा मूकपट, मग तिसाचं दशक, मग पुढचं. ती आज रद्द केली. कालक्रम अभ्यासाला बरा असतो. नव्या माणसाला आधी एक गोष्ट शेवटपर्यंत घट्ट धरून ठेवणारी हवी. इतिहास नंतर त्याचा तोच विचारतो.

प्रोजेक्टर आणि दोन स्पीकर भाड्याने घेतले, एका संध्याकाळचे ९०० रुपये. मराठी सबटायटल्स कुठे मिळाली नाहीत, म्हणून इंग्रजीवरच भागवायचं. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक चित्रपटासाठी एक पानी मराठी टिपण काढायचं: कोण कोणाचा कोण, साल कोणतं, गाव कोणतं. झेरॉक्सचा खर्च किरकोळ आहे.

६ जुलै

सुरुवात ‘हाय नून’ने केली (१९५२, दिग्दर्शक फ्रेड झिनेमन). कृष्णधवल आहे आणि फक्त ८५ मिनिटांचा आहे.

सुरुवातीची वीस मिनिटं वाया गेली. प्रोजेक्टर सगळं चित्र रुंद पडदाभर ताणत होता, त्यामुळे नायक गॅरी कूपरचा लांबट चेहरा चपटा दिसत होता. हा चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालेला आहे. सेटिंगमध्ये जाऊन चित्राचं प्रमाण 4:3 केलं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू दिल्या. काकांना वाटलं पडदा फुकट जातोय, पण चेहरे सरळ झाल्यावर त्यांनाही पटलं. तपासायची सोपी खूण म्हणजे घोडागाडीचं चाक. ते लंबगोल दिसलं तर प्रमाण चुकलं आहे.

चित्रपट मात्र लगेच पोचला. रविवारची सकाळ, साडेदहाच्या सुमारास मार्शल विल केनचं लग्न लागतं. तेवढ्यात बातमी येते की त्यानेच पकडून दिलेला फ्रँक मिलर सुटला आहे आणि बाराच्या गाडीने येतो आहे. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर जाऊन बसतात. केन गावभर माणसं जमवायला फिरतो आणि एकेक जण अंग काढून घेतो. पडद्यावरचा वेळ आणि आपल्या हातावरचा वेळ जवळपास बरोबरीने चालतो, आणि भिंतीवरची घड्याळं सारखी दिसत राहतात. गोळीबार शेवटच्या दहा-बारा मिनिटांत आहे. त्याआधी तासभर माणसं नुसती बोलतात, तरी कुणी हललं नाही, कारण कशाची वाट बघायची आणि ती कधी संपणार, हे पहिल्या काही मिनिटांतच कळलेलं असतं.

बारा वाजायच्या आधीचा तुकडा मी चित्रपट संपल्यावर पुन्हा लावला. लंबक हलतो, स्टेशनवरचे तिघे दिसतात, चर्चमधले चेहरे, दारूच्या गुत्त्यातले चेहरे, मग शिक्षा सुनावली तेव्हा मिलर ज्या खुर्चीत बसला होता ती रिकामी खुर्ची, आणि शिट्टी. दुसऱ्यांदा बघताना भाच्याने ओळखलं की प्रत्येक चेहरा आपण आधी कुठे ना कुठे केनला नकार देताना पाहिलेला आहे. हे त्याचं त्याला दिसलं, मला सांगावं लागलं नाही. म्हणून पहिला चित्रपट हाच ठेवा असं मी कुणालाही सांगेन.

चर्चमधल्या चर्चेवरून मात्र आमच्याकडेच वाद रंगला. ‘गावाने का मरावं त्याच्यासाठी’ असं काकू म्हणाल्या आणि अर्धा हॉल त्यांच्या बाजूने गेला. असा वाद झाला तर होऊ द्या. हॉवर्ड हॉक्स या दिग्दर्शकालाही केनचं असं मदत मागत फिरणं पटलं नव्हतं, आणि त्याने १९५९मध्ये ‘रिओ ब्राव्हो’ काढून उत्तर दिलं. तो चित्रपट जवळपास अडीच तासांचा आणि निवांत आहे. आधी ‘हाय नून’ पाहिलेला असेल तरच त्याची गंमत कळते.

१३ जुलै

‘स्टेजकोच’ (१९३९, जॉन फोर्ड). टोंटो गावाहून लॉर्ड्सबर्गपर्यंतचा घोडागाडीचा प्रवास, टांगेवाला आणि मार्शल धरून नऊ माणसं, वाटेत अपाची या मूलनिवासी जमातीच्या हल्ल्याची भीती. एसटीत एकमेकांना टाळणारी माणसं मुक्कामापर्यंत एकमेकांचे डबे उघडतात, तशी ही गोष्ट आहे. दारुडा डॉक्टर, गावाने हाकललेली डॅलस, गरोदर लष्करी पत्नी, पैसे घेऊन पळालेला बँकवाला. टिपणात नऊही नावं लिहिली होती आणि इथे टिपणाचा खरा उपयोग झाला. ज्यांनी ते वाचलं नव्हतं ते पहिली पंधरा मिनिटं गोंधळले.

दोन ठिकाणी अडलं. पाठलाग संपल्यावर सगळे उठायला लागले, पण चित्रपट संपत नाही. लॉर्ड्सबर्गमध्ये प्रवाशांतल्याच रिंगो किडचा बदला अजून बाकी असतो. त्यामुळे आता आधीच सांगते की गाडी मुक्कामाला पोचल्यावरही गोष्ट उरलेली आहे.

दुसरं अडणं जास्त महत्त्वाचं. अपाची म्हणजे नुसता धोका, त्यांना स्वतःचं म्हणणंच नाही. भाच्याने मध्येच विचारलं, ‘त्यांची बाजू कधी दाखवणार?’ ती बाजू या चित्रपटात येतच नाही. मॉन्युमेंट व्हॅली, जिथे हे चित्रण झालं, ती नावाहो लोकांची भूमी आहे आणि तिथल्याच नावाहोंनी अपाची म्हणून घोडे पळवले. हे चित्रपटाआधी दोन वाक्यांत सांगायला हवं होतं. नंतर सांगितलं की माफी मागितल्यासारखं वाटतं, आणि पाहणाऱ्याची अस्वस्थता तशीच राहते.

पाठलागात एक माणूस धावत्या घोड्यांच्या मधे पडतो आणि गाडी त्याच्यावरून निघून जाते. तो स्टंट स्टंटमन याकिमा कनटने स्वतः केलेला आहे. हा तुकडा सगळ्यांनी पुन्हा लावायला सांगितला.

२० जुलै

‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६, सर्जिओ लिओने). आजची संध्याकाळ फसली.

संगीतकार मॉरिकोनेची शीळ सगळ्यांच्या कानात आधीपासून आहे, म्हणून हा सोपा जाईल असं मी धरलं होतं. संगीत वाजलं की सगळे खुलले, मधल्या वेळात मात्र चुळबुळ. मध्यंतरानंतर निम्मीच माणसं परत आली.

घरी येऊन विचार केला तेव्हा कारण सापडलं. पहिली दहाएक मिनिटं संवादच नाहीत, पण ते त्यांना चाललं होतं. अडचण पुढे आहे. सोनं पुरलंय ते कब्रस्तान एकाला माहीत आणि थडग्यावरचं नाव दुसऱ्याला, हा डाव जुळून येईपर्यंत जवळपास तासभर जातो. तोवर ही तीन माणसं कशामागे आहेत हे नव्या प्रेक्षकाच्या हाती लागत नाही. ‘हाय नून’मध्ये जे पहिल्या काही मिनिटांत हाती दिलं होतं, ते इथे तासभर रोखून धरलं आहे. त्यात मधे अमेरिकेतलं यादवी युद्ध येतं. कोण निळ्या गणवेशातला आणि कोण करड्या, हे टिपणात लिहिलं नव्हतं.

शिवाय माझ्याकडची प्रत जवळपास तीन तासांची होती. २००३मध्ये काही कापलेले प्रसंग परत जोडून ही प्रत केली गेली. त्या प्रसंगांना इंग्रजी आवाज नव्हते, म्हणून ईस्टवुड आणि वॉलाक या नटांनी साडेतीन दशकांनी पुन्हा आवाज दिले. तिसरे नट ली व्हॅन क्लीफ तोवर वारले होते, त्यांच्या जागी दुसऱ्याचा आवाज आहे. कान देऊन ऐकलं तर मधेच आवाज म्हातारा झालेला कळतो. नव्या माणसाला १६१ मिनिटांची जुनी इंग्रजी प्रतच दाखवा. त्या अठरा मिनिटांनी चाल आणखी मंदावते आणि नवीन कळत फारसं काही नाही.

२७ जुलै

दुरुस्ती म्हणून त्याच दिग्दर्शकाचा आधीचा चित्रपट, ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ (१९६५). गेल्या वेळी उठून गेलेल्यांना मुद्दाम घरी जाऊन बोलावलं.

सुरुवातीला अर्धा तास पुन्हा गेला. ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून वरच्या मजल्यावरचा मुलगा स्पीकरचा ऑडिओ डिले पुढेमागे करत बसला. काही केल्या जमेना. जमणारच नव्हतं, कारण या इटालियन चित्रपटांत नट आपापल्या भाषेत बोलत आणि सगळा आवाज नंतर भरला जाई. इंग्रजी बोलणाऱ्याचे ओठ बऱ्यापैकी जुळतात, बाकीच्यांचे नाही. यंत्रात दोष आहे की चित्रपटच तसा आहे हे ओळखायचं असेल तर ओठ सोडा आणि दार आपटताना किंवा बंदूक झाडताना बघा. तिथे आवाज जुळत असेल तर यंत्र ठीक आहे.

चित्रपट सुरू झाल्यावर हॉल शांत होता. इथे पहिल्या अर्ध्या तासात हिशेब स्पष्ट होतो: बक्षिसासाठी गुन्हेगार पकडणारे दोघे आणि दोघांनाही हवा असलेला एकच दरोडेखोर, एल इंडिओ. त्यातला एक म्हातारा कर्नल मॉर्टिमर. त्याला बक्षिसापलीकडे काहीतरी हवं आहे एवढं जाणवत राहतं.

आणि इथे पुन्हा घड्याळ आहे, या वेळी खिशातलं. इंडिओकडे एक वाजणारं घड्याळ आहे. झाकण उघडलं की मंजुळ धून सुरू होते, आणि धून संपली की गोळी झाडायची असा त्याचा खेळ. पहिल्यांदा हा खेळ होतो तेव्हा नियम कळतो. त्यानंतर झाकण उघडलं की हॉलमधली माणसं श्वास धरून धून मंदावायची वाट बघत होती. शेवटच्या द्वंद्वात मॉर्टिमरचं पिस्तूल लांब पडलेलं असतं, धून संपत येते, आणि तेवढ्यात तीच धून दुसऱ्या घड्याळातून नव्याने सुरू होते. बक्षिसवाल्या दोघांतला दुसरा, ईस्टवुड, ते घड्याळ हातात धरून उभा असतो. तो मॉर्टिमरला आपला पट्टा आणि पिस्तूल देतो, दोघांना समोरासमोर उभं करतो आणि स्वतः बाजूला बसतो. मावशी टाळी देऊन म्हणाली, ‘आता बरोबरीचं झालं!’

लिओनेची संथ चाल, डोळ्यांचे मोठे क्लोजअप, लांबवलेले क्षण हे सगळं या चित्रपटातही आहे. पण ते किती लांबणार याचं माप प्रेक्षकाच्या हातात आहे. म्हणून लिओनेत शिरायचं दार हेच. ज्यांनी हा पाहिला त्यांच्यातल्या तिघांनी पुढच्या आठवड्यात ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ आपणहून घरी पूर्ण केला.

१० ऑगस्ट

‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८). हा धीर मागणारा आहे, म्हणून तयारी जास्त केली.

सुरुवातीला तीन बंदूकवाले एका ओसाड स्टेशनवर गाडीची वाट बघतात. दहाएक मिनिटं जवळपास काही घडत नाही. पवनचक्की करकरते, एकाच्या टक्कल केलेल्या डोक्यावर छताचं पाणी ठिबकतं, तो हॅट घालतो आणि थेंब हॅटवर वाजत राहतात. दुसऱ्याच्या तोंडावर माशी बसते आणि तो ती बंदुकीच्या नळीत पकडतो. इथे संगीत नाही, या आवाजांचंच संगीत केलं आहे. आमच्या हॉलच्या व्हरांड्यावर पत्रे आहेत आणि पाऊस जोरात होता. पहिल्या पाच मिनिटांतच लक्षात आलं की करकर आणि ठिबक कुणाला ऐकूच येत नाही. आवाज नाही तर तो प्रसंग नुसता रिकामा दिसतो. चित्रपट थांबवला, सगळं सामान काकांच्या दिवाणखान्यात हलवलं आणि पहिल्यापासून लावला. पाऊण तास गेला, पण गेला ते योग्यच झालं. दुसऱ्यांदा माशी नळीत गुणगुणली तेव्हा सगळे पुढे झुकून बसले होते.

टिपणात एक गोष्ट मी उघड करून टाकली: रेल्वे या जमिनीवरूनच जाणार आहे, कारण पाणी इथेच आहे. चित्रपट हे बराच वेळ लपवतो. काकांचं म्हणणं होतं की आधी सांगितलं तर मजा गेली. माझं मत वेगळं आहे. या जमिनीचा मालक मॅकबेन याच्या कुटुंबाला का मारलं हे कळत नसेल तर मधला तासभर नवा प्रेक्षक धागा शोधत बसतो आणि चेहरे बघायचं राहून जातं. जे रहस्य खरंच जपायला हवं ते दुसरंच आहे: हार्मोनिका वाजवणाऱ्याला त्या कुटुंबाला मारणाऱ्या फ्रँककडून काय हवं आहे. ते शेवटच्या द्वंद्वातच कळतं. तोवर मधूनमधून एक धूसर आकृती आपल्याकडे चालत येताना दिसते. ती दिसली की लक्षात ठेवा, एवढंच मी सांगितलं होतं.

मॅकबेनच्या घरावरचा हल्ला सुरू झाला आणि खोलीत कुजबुज झाली. अंगणात जेवणाची तयारी, अचानक रातकिड्यांची किरकिर थांबते, पाखरं उडतात, गोळी, आणि शेवटी एकटा उरलेला लहान मुलगा. ठाकूरच्या कुटुंबाचा प्रसंग सगळ्यांना लगेच आठवला. ‘शोले’वर या प्रसंगाची छाया आहे हे सांगायची गरजच पडली नाही. नव्या मराठी प्रेक्षकाला या चित्रपटात हा एक ओळखीचा टप्पा मिळतो, आणि तो पहिल्या अर्ध्या तासातच येतो हे फार सोयीचं आहे.

२४ ऑगस्ट

‘द सर्चर्स’ (१९५६, जॉन फोर्ड). माझ्या मते सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत अवघड. लांबीला दोन तासांपेक्षा कमी आहे. अवघड आहे तो वेगळ्या कारणाने.

१८६८चं टेक्सस. यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेकडून लढलेला ईथन एडवर्ड्‌स तीन वर्षांनी भावाच्या घरी येतो. मधली वर्षं कुठे होता ते सांगत नाही. कोमांची या मूलनिवासी जमातीच्या हल्ल्यात ते घर उद्ध्वस्त होतं आणि धाकटी पुतणी डेबीला पळवून नेतात. ईथन आणि घरात वाढलेला मार्टिन तिला शोधत वर्षानुवर्षं फिरतात. इथे बाराची गाडी नाही, घड्याळ नाही, किती वर्षं गेली हे अधूनमधून बोलण्यातूनच कळतं. आणि ईथनच्या मनात कोमांचींबद्दल इतका द्वेष आहे की डेबी सापडली तर तो तिला घरी आणेल की मारेल, याचीच भीती वाटत राहते. नायकाचीच धास्ती वाटायला लावणारा चित्रपट पहिल्याच संध्याकाळी दाखवला असता तर कुणी दुसऱ्या शनिवारी आलं नसतं. ‘स्टेजकोच’मध्ये रिंगो झालेला जॉन वेन आणि तीच खोरी आधी पाहिलेली असल्यामुळे, तोच माणूस आता काय झाला आहे हे जाणवलं.

एक प्रसंग थांबवून दाखवला. पाद्री-कॅप्टन क्लेटन कॉफी पीत उभा आहे. मागच्या खोलीत भावजय मार्था ईथनचा कोट काढते आणि त्यावरून हळुवार हात फिरवते. क्लेटनला ते दिसतं आणि तो नजर वळवून समोर बघत कॉफी पीत राहतो. एक शब्दही नाही. दोघांचं काय होतं ते चित्रपट यापुढे कधीच बोलत नाही, पण हे निसटलं तर ईथनचा सगळा संताप अर्धाच कळतो. पहिल्यांदा पाहताना फक्त काकूंच्या लक्षात आलं होतं. त्या म्हणाल्या, ‘कोट असा कोणी उचलत नाही.’

तक्रारी दोन आल्या. मधला विनोद, विशेषतः मार्टिनला चुकून मिळालेल्या कोमांची बायकोची चेष्टा, सगळ्यांना खटकली. ती खटकायलाच हवी, त्याचं समर्थन मी करत नाही. दुसरी तक्रार अशी की शेवटी ईथनचं मन का पालटतं ते सांगितलेलं नाही. यावर मी सुरुवातीचा तुकडा लावला, जिथे तो लहान डेबीला दोन्ही हातांनी उंच उचलतो, आणि लगेच शेवटचा, जिथे तो मोठ्या डेबीला तसंच उचलतो. भाचा म्हणाला की त्याच्या हातांना आठवलं. पण हे दोन तुकडे शेजारी लावल्याशिवाय बहुतेकांना दिसलं नाही, त्यामुळे हा चित्रपट दाखवाल तेव्हा चित्रपटानंतर अर्धा तास राखून ठेवाच.

३१ ऑगस्ट

‘मॅकेब अँड मिसेस मिलर’ (१९७१, रॉबर्ट ऑल्टमन) आधी एकटीने टिपण काढायला बसून पाहिला आणि यादीतून तूर्त काढला. माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, सबटायटल्सना ते सगळं टिपता येत नाही, आणि चित्र मुद्दाम धुरकट ठेवलेलं असल्यामुळे भाड्याच्या प्रोजेक्टरवर बर्फातला शेवट राखाडी दिसतो. हा हेडफोन लावून, चांगल्या टीव्हीवर, एकट्याने पाहायचा चित्रपट आहे.

त्याऐवजी पुढच्या शनिवारी ‘ट्रू ग्रिट’ (२०१०, कोएन बंधू) आहे. वडिलांच्या खुन्याला शोधायला निघालेली चौदा वर्षांची मॅटी, ११० मिनिटं, काय हवंय ते पहिल्याच वाक्यांत स्पष्ट. बोली मात्र जुनी आणि जड आहे, तेवढं टिपण लांब करावं लागेल. त्यानंतर ‘अनफर्गिव्हन’ (१९९२), तोही फक्त मोठ्यांसाठी. तो ईस्टवुडने लिओने आणि डॉन सिगेल या दिग्दर्शकांना अर्पण केला आहे, आणि त्यातला म्हातारा बंदूकवाला, म्हणजे ईस्टवुडच, घोड्यावर नीट चढू शकत नाही याचं वजन ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ पाहिलेल्यालाच कळेल. भाच्याला हे पटलेलं नाही. त्याच्या आईशी बोलून ठरवायचं आहे.